प्रतिजैविकांच्या कोर्समध्ये जुलाब का लागतात, आणि लागल्यास कोणत्या क्रमाने काय करावे

प्रतिजैविकाचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना जुलाब लागले की बहुधा तीनपैकी एक चूक होते. कोणी कोर्स स्वतःच्या मनाने अर्ध्यावर सोडतो, कोणी जुलाब थांबवणारी गोळी घेतो, तर कोणी ‘पोटात जंतुसंसर्ग झाला’ असे समजून जुलाबावरचे म्हणून दुसरेच प्रतिजैविक घेतो. यांतली तिसरी चूक सर्वांत महागात पडते, कारण ज्या जिवाणूंचा नाश झाल्यामुळे जुलाब लागले, त्यांच्यापैकी उरलेसुरलेही दुसऱ्या औषधाने मारले जातात. या जुलाबांत बहुतेक वेळा मारण्याजोगा जंतूच नसतो. आतड्यातले एक नेहमीचे काम काही दिवसांसाठी बंद पडलेले असते, एवढेच. मात्र थोड्या रुग्णांमध्ये खरोखरच एक घातक जंतू वाढलेला असतो आणि तिथे घरगुती उपायांवर दिवस घालवणे धोक्याचे ठरते. हे दोन प्रकार वेगळे ओळखता यावेत आणि दरम्यान शरीरातले पाणी कमी होऊ नये, या दोन गोष्टींसाठी पुढील टप्पे त्याच क्रमाने पाळावेत.

## आधी हे समजून घ्या : बिघाड नेमका कुठे होतो

लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर द्रव येतो. मोठे आतडे त्यातला बहुतेक भाग शोषून घेते आणि शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. हा हिशेब नीट पाहिला तर जुलाब इतक्या सहज का लागतात ते कळते. समजा, १५०० मिलिलिटरपैकी १३५० शोषले जातात आणि १५० बाहेर जातात. शोषणाची ताकद केवळ एक पंचमांशाने घटली, तर १०८० मिलिलिटरच शोषले जातील आणि ४२० बाहेर पडतील, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आतड्याला इजा झालेली नसली, संसर्ग नसला, तरी एवढ्यानेच शौच पातळ होते.

शोषणाची ही ताकद बऱ्याच अंशी जिवाणूंवर अवलंबून असते. लहान आतड्यात न पचलेले पिष्टमय पदार्थ आणि तंतुमय पदार्थ मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेव्हा तिथले जिवाणू ते आंबवून त्यांची लघु मेदाम्ले तयार करतात. त्यांतले ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन असते आणि ही आम्ले शोषली जाताना सोडियम व त्याच्यामागोमाग पाणीही शरीरात ओढले जाते. प्रतिजैविकाने या जिवाणूंची संख्या घटली की दोन गोष्टी एकदम घडतात. पाणी आत ओढणारी आम्ले कमी होतात, आणि न आंबवलेली पिष्टे व साखरा आतड्याच्या पोकळीत तशाच पडून स्वतःभोवती पाणी धरून ठेवतात.

दुसरा बिघाड पित्ताचा आहे. यकृतातून आलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के भाग लहान आतड्याच्या शेवटी परत शोषला जातो आणि उरलेला मोठ्या आतड्यात जातो. तिथे काही मोजक्या जातींचे जिवाणू त्यांचे रूपांतर दुय्यम पित्ताम्लांत करतात. हे जिवाणू नाहीसे झाले की पित्ताम्लांचे हे रूपांतर थांबते, त्यांचा समतोल बिघडतो आणि अस्तरातून पाणी सुटण्याला त्याचा हातभार लागू शकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दुय्यम पित्ताम्ले क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल या जिवाणूची वाढ रोखून धरतात, तर मूळ पित्ताम्लांपैकी काही त्याच्या सुप्त बीजाणूंना जागे करतात. म्हणजे प्रतिजैविकाने एकाच वेळी पहारा उठतो आणि दारही उघडते. हा जिवाणू, ज्याला डॉक्टर थोडक्यात ‘सी. डिफ’ म्हणतात, अस्तराला जखमी करणारी विषे सोडतो. प्रतिजैविकांमुळे लागलेल्या एकूण जुलाबांपैकी साधारण १० ते २५ टक्के प्रकरणांत तो कारणीभूत असतो. उरलेली बहुतेक प्रकरणे वर सांगितलेल्या पाण्याच्या हिशेबाची असतात.

काही औषधे जिवाणूंना हात न लावताही पोट ढवळतात. एरिथ्रोमायसिन आतड्याच्या हालचाली थेट वाढवते आणि ॲमॉक्सिसिलिनबरोबर दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लही लहान आतड्याची हालचाल वाढवते. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या मात्रेनंतर काही तासांतच जुलाब लागले तर कारण बहुधा हे असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुढे लागले तर जिवाणूंचे असंतुलन अधिक संभवते. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

## टप्पा १ : पहिली गोळी घेण्यापूर्वी

तयारीचे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते कोर्स सुरू झाल्यावर कोणी करत नाही. औषध लिहून घेतानाच डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : हा आजार जिवाणूंमुळेच झाला आहे ना, औषध नेमके किती दिवस घ्यायचे, आणि जुलाब लागले तर मी तुम्हाला कळवण्याची मर्यादा कोणती. सर्दी, विषाणूजन्य घसादुखी अशा आजारांत प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही, आतड्यातल्या जिवाणूंचे नुकसान मात्र तेवढेच होते. म्हणून पहिला प्रश्न संकोच न करता विचारावा.

त्याच वेळी स्वतः घेत असलेली सर्व औषधे सांगावीत. आम्लपित्तावर रोज घेतल्या जाणाऱ्या ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्यांबरोबर सी. डिफची शक्यता वाढलेली आढळते. मेटफॉर्मिन आणि बद्धकोष्ठावरची औषधे स्वतःच शौच पातळ करतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन चालू असेल तर प्रतिजैविकाने त्याचा परिणाम वाढू शकतो आणि रक्ततपासणी आधी करावी लागू शकते. पूर्वी कधी प्रतिजैविकाने जुलाब लागले असतील किंवा सी. डिफ झाला असेल, तर ही गोष्ट सर्वांत आधी सांगावी. क्लिंडामायसिन, सेफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे, ॲमॉक्सिसिलिन–क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन–लेव्होफ्लॉक्सॅसिनचा गट यांत आतड्याला अधिक त्रास होतो, तर डॉक्सिसायक्लिनमध्ये तुलनेने कमी. पर्याय उपलब्ध असेल तर डॉक्टर या माहितीवरून औषध बदलू शकतात.

घरी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची दोन-तीन पाकिटे आणि तापमापक असू द्यावा. एका कागदावर आजची तारीख, औषधाचे नाव आणि आपल्याला एरवी दिवसातून किती वेळा व कसे शौच होते हे लिहून ठेवावे.

तपासा : कागदावर ‘एरवी दिवसातून एकदा, घट्ट’ अशी नोंद झाली का? ती नसेल तर पुढे ‘जास्त’ म्हणजे किती हे सांगताच येत नाही.

## टप्पा २ : गोळी घेण्याची पद्धत

सर्वच प्रतिजैविके जेवणानंतर घ्यायची असतात असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. प्रत्येक औषधाची वेळ वेगळी असते. ॲमॉक्सिसिलिन–क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची गोळी जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या एक-दोन घासांबरोबर घेतली तर पोटाचा त्रास कमी होतो आणि शोषणही चांगले होते. रिकाम्या पोटी घेतल्यास त्रास वाढतो. याउलट सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतले तर त्याचे शोषण घटते. म्हणून पाकिटावरची किंवा चिठ्ठीवरची सूचना त्या त्या औषधापुरतीच मानावी.

येथे एक चूक फार वेळा होते आणि ती हिशेबाची आहे. ॲमॉक्सिसिलिन–क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची ‘६२५’ची गोळी म्हणजे ५०० मिलिग्रॅम ॲमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. ‘३७५’च्या गोळीत ॲमॉक्सिसिलिन २५० असते, पण क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल तेवढेच, १२५. ६२५ची गोळी संपली म्हणून ३७५च्या दोन घेतल्या, तर ॲमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होते, मात्र जुलाबाला कारण ठरणारा घटक दुप्पट, म्हणजे २५० मिलिग्रॅम पोटात जातो. दोन लहान गोळ्या म्हणजे एक मोठी गोळी, हे गणित या औषधाला लागू पडत नाही.

सावधान : एक मात्रा चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत.

## टप्पा ३ : पहिले पातळ शौच झाल्यावर आधी मोजा

एकदा पातळ शौच झाले म्हणजे जुलाब लागले असे नव्हे. २४ तासांत तीन किंवा त्याहून अधिक वेळा पातळ शौच झाले, अथवा नेहमीपेक्षा संख्या स्पष्टपणे वाढली, तरच त्याला जुलाब म्हणतात. म्हणून पहिल्या वेळी कोणतेही औषध न घेता कागद पुढे ओढावा आणि प्रत्येक वेळेपुढे चार गोष्टी लिहाव्यात : वेळ, शौच मऊ की पाण्यासारखे, रक्त किंवा शेम दिसली का, आणि रात्री झोपेतून उठून जावे लागले का.

रात्रीची नोंद अनेकांना निरर्थक वाटते, पण मी तिला सर्वांत अधिक महत्त्व देतो. न आंबवलेल्या साखरांमुळे होणारे जुलाब खाण्याशी बांधलेले असतात. जेवणानंतर ते वाढतात आणि रात्री पोट रिकामे असताना बहुधा थांबतात. विषामुळे किंवा अस्तराच्या दाहामुळे होणारे जुलाब खाण्याची वाट पाहत नाहीत. ते माणसाला पहाटे दोन-तीन वाजता झोपेतून उठवतात. एकट्या या लक्षणावरून निदान होत नाही, मात्र डॉक्टरांना कधी कळवायचे हे ठरवायला ते पुष्कळ मदत करते.

दिवसातून दोनदा ताप मोजून तोही लिहावा.

तपासा : ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर नाही, रक्त नाही, पोटात सतत तीव्र दुखत नाही आणि रात्री उठावे लागत नाही. या चारही गोष्टी बरोबर असतील तर टप्पा ४ आणि ५ घरी करावेत. एकही बिघडलेली असेल तर जलसंजीवनी सुरू करून थेट टप्पा ६ वर जावे.

## टप्पा ४ : पाणी भरून काढा

नुसते पाणी पिणे पुरत नाही, आणि यामागचे कारण समजले की जलसंजीवनी कंटाळवाणी वाटत नाही. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकत्रच आत घेणारी एक वाहतूक यंत्रणा असते आणि तिच्यामागून पाणी शोषले जाते. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंची जी मदत बंद पडली आहे, तिच्याशी या यंत्रणेचा संबंध नसतो. म्हणूनच जुलाब चालू असतानाही ती काम करते. अट एवढीच की मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात एका लिटरमध्ये सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल असतात.

१. पाकिटावर लिहिलेले पाण्याचे प्रमाण वाचावे. एक लिटरचे पाकीट पूर्णपणे एक लिटर स्वच्छ पिण्याच्या पाण्यात एकाच वेळी विरघळवावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने ढवळू नये.

२. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. चमचा ५ मिलिलिटरचा असावा आणि वरून बोटाने सपाट केलेला असावा. शिगोशीग भरलेल्या चमच्याने मीठ जास्त पडते आणि ते लहान मुलाला अपायकारक ठरते. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते द्रावण टाकून द्यावे.

३. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि प्रौढाने तहान भागेल इतके प्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध अजिबात बंद करू नये.

४. तयार द्रावण २४ तासांनंतर फेकून द्यावे.

सावधान : शीतपेये आणि फळांचे गोड रस हा पर्याय नाही. त्यांतली जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते.

तपासा : दर चार-सहा तासांनी लघवी होते का आणि तिचा रंग फिकट आहे का? तोंड कोरडे पडणे, उभे राहताच चक्कर येणे, बाळाच्या रडण्यात अश्रू नसणे किंवा डोळे खोल जाणे ही पाणी कमी पडल्याची चिन्हे आहेत आणि अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी जलसंजीवनी किती घ्यावी हे आधी विचारावे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या काळात त्या सुरू ठेवायच्या का, हेही विचारून घ्यावे.

## टप्पा ५ : खाण्यात बदल, उपास नव्हे

वर सांगितलेल्या हिशेबातूनच आहार ठरतो. लहान आतड्यात सहज पचून संपणारे अन्न खावे आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंवर विसंबणारे अन्न काही दिवस कमी करावे. मऊ शिजवलेला भात, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे असे अन्न थोडे थोडे, चार-पाच वेळा घ्यावे. कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये, कोंड्याचे पदार्थ आणि भरपूर गोड पदार्थ थांबवावेत. ‘साखरविरहित’ असे लिहिलेल्या गोळ्या-चघळण्यांत सॉर्बिटॉल असते, ते न पचणारे असून थेट पाणी ओढते, म्हणून तेही टाळावे.

दुधाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. अनेक प्रौढांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पूर्णपणे पचत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवून टाकत असल्याने एरवी त्रास जाणवत नाही. कोर्समध्ये हे काम थांबते आणि ‘मला दूध नेहमी चालते’ म्हणणाऱ्यालाही पेलाभर दुधाने जुलाब होतात. त्यामुळे कोर्सपुरते दूध बंद करून पाहावे. दह्यात लॅक्टोज कमी असल्याने ते बहुतेकांना सोसते, मात्र ज्या औषधासोबत दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य आहेत, त्याच्या वेळेपासून दही दूर ठेवावे.

संपूर्ण उपास करू नये. खाणे बंद केल्यावर शौच थांबते खरे, पण अस्तराला इंधन मिळत नाही आणि मूळ आजारातून बरे होण्याची ताकदही कमी होते.

## टप्पा ६ : औषध चालू ठेवायचे की नाही

हा निर्णय स्वतः घेऊ नये, परंतु योग्य माहिती घेऊन डॉक्टरांना विचारल्यास तो दोन मिनिटांत होतो. सौम्य जुलाबांत बहुधा कोर्स तसाच चालू ठेवला जातो. त्रास अधिक असेल तर डॉक्टर तीन गोष्टी पाहतात : मूळ आजाराला औषधाचे अजून किती दिवस खरोखर आवश्यक आहेत, आतड्याला कमी त्रास देणारे दुसरे औषध चालेल का, आणि मात्रा बदलता येईल का. म्हणून ‘पोट बिघडले आहे’ एवढेच न सांगता कागदावरून वाचून दाखवावे : कोणते औषध, कितवा दिवस, २४ तासांत किती वेळा, रात्री किती वेळा, ताप किती, रक्त आहे की नाही, लघवी होते का.

सावधान : लोपेरामाइडसारखी जुलाब बांधणारी गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. ती आतड्याची हालचाल मंदावते. कारण सी. डिफ असेल तर विष बाहेर पडण्याऐवजी आत साचते. ताप किंवा रक्त असताना तर ही गोळी मुळीच घेऊ नये.

सावधान : जोराचे जुलाब अचानक थांबले आणि त्याच वेळी पोट फुगून कडक झाले, दुखणे वाढले, वायूही सरेनासा झाला, तर ती सुधारणा समजू नये. आतडे थिजल्याचे ते चिन्ह असू शकते आणि ताबडतोब रुग्णालयात जावे लागते.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला २४ तासांहून अधिक काळ जोराचे जुलाब झाले, तर तेवढ्या दिवसांच्या गोळ्या चुकल्या असे धरून दुसरी काळजी घ्यावी. ही गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते.

## टप्पा ७ : सी. डिफचा संशय कधी घ्यावा

दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे शौच, त्यासोबत ताप, पोटात कळा, रात्रीचे उठणे आणि दिवसागणिक वाढणारा अशक्तपणा असे चित्र असेल तर शौचाची तपासणी करावी लागते. वय ६५ च्या वर असणे, नुकतेच रुग्णालयात राहून येणे, आम्लपित्ताची रोजची गोळी चालू असणे यांनी संशय वाढतो. मात्र तरुण, घरीच असलेल्या माणसाला तो होत नाही असे नाही. लोकांना सर्वांत फसवणारी बाब वेळेची आहे : हे जुलाब कोर्स संपल्यानंतर दोन महिन्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतात. तोवर औषध विसरलेले असते आणि दोष कालच्या जेवणाला दिला जातो.

तपासणीसाठी पातळ शौचाचाच नमुना द्यावा. घट्ट शौचाची तपासणी करू नये, कारण हा जिवाणू काही निरोगी माणसांच्या आतड्यातही गप्प पडून असतो आणि अहवाल विनाकारण होकारार्थी येऊ शकतो. त्याच कारणाने उपचारानंतर बरे वाटत असताना ‘खात्रीसाठी’ पुन्हा तपासणी करून घेऊ नये.

घरात इतरांना लागण होऊ नये म्हणून शौचानंतर हात साबणाने आणि वाहत्या पाण्यात धुवावेत. हातांवर चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रावणाने या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. शौचालयाची जागा क्लोरीनयुक्त विरंजकाने पुसावी.

## एक नमुना प्रसंग, दिवसावार

समजा, ४८ वर्षांच्या एका बाईंना दाढेच्या गळवासाठी ॲमॉक्सिसिलिन–क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ६२५, दिवसातून तीनदा, सात दिवसांसाठी दिले आहे. आम्लपित्तावर त्या रोज ओमेप्रॅझोल घेतात. एरवी दिवसातून एकदा शौच होते.

तिसऱ्या दिवशी चार वेळा पातळ शौच होते. चारही वेळा दिवसा, जेवणानंतर तासाभरात. ताप ३७ अंश, रक्त नाही, रात्री झोप शांत. कागदावर हे सर्व उतरते. त्या प्रत्येक शौचानंतर पेलाभर जलसंजीवनी घेतात, सकाळचे दूध बंद करतात आणि डॉक्टरांना फोन करतात. बोलता बोलता कळते की त्या गोळी चहाबरोबर रिकाम्या पोटी घेत होत्या. डॉक्टर ती जेवणाच्या सुरुवातीला घ्यायला सांगतात, कोर्स चालू ठेवतात. पाचव्या दिवशी संख्या दोनवर येते, सातव्या दिवशी औषध संपते आणि नवव्या दिवशी शौच नेहमीसारखे होते. हा साधा प्रकार झाला.

मग एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे औषध संपून बारा दिवस झाल्यावर, सहा वेळा पाण्यासारखे शौच होते. त्यांतली दोन वेळा पहाटे. पोटात कळा येतात, ताप ३८.२. घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी बाधले, आणि जुलाबावरची गोळी पुढे करतात. जुना कागद अजून कपाटावर आहे, त्यावर कोर्सच्या तारखा आहेत. तो घेऊन त्या डॉक्टरांकडे जातात. तारखा पाहताच डॉक्टर शौचाच्या नमुन्यात सी. डिफच्या विषाची तपासणी सांगतात आणि ती होकारार्थी येते.

उपचार म्हणून व्हँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम तोंडाने दिवसातून चार वेळा, दहा दिवस दिले जाते. जुलाबांवर प्रतिजैविक घेऊ नये असे वर लिहिले आहे, त्याला हा अपवाद आहे आणि त्यामागचे कारण नेमके आहे : शत्रू ओळखलेला आहे, आणि तोंडाने घेतलेले व्हँकोमायसिन रक्तात जवळजवळ शोषले न जाता आतड्यातच राहून त्याच्यावर काम करते. शिरेतून दिलेले व्हँकोमायसिन आतड्याच्या पोकळीत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून येथे ते चालत नाही. ओमेप्रॅझोलची गरज खरोखर आहे का, याचाही डॉक्टर फेरविचार करतात. चौथ्या दिवसापासून जुलाब कमी होतात, तरी दहा दिवसांचे औषध पूर्ण केले जाते. सुमारे पाचात एका रुग्णाला हा आजार पुन्हा उलटतो, बहुधा आठ आठवड्यांच्या आत, म्हणून कागद फेकून दिला जात नाही.

## टप्पा ८ : कोर्स संपल्यावरचे आठ आठवडे

औषध संपले तरी आतड्यातली वस्ती लगेच भरत नाही. डेन्मार्कमधील एका अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन प्रबळ प्रतिजैविके दिली गेली होती. सुमारे दीड महिन्यात त्यांची जिवाणूंची वस्ती बव्हंशी पूर्ववत झाली, पण काही नेहमीच्या जाती १८० दिवसांनंतरही परतल्या नव्हत्या. म्हणून शौच घट्ट झाल्यावर तंतुमय पदार्थ एकदम न वाढवता आठवड्याभरात हळूहळू परत आणावेत. आधी शिजवलेल्या भाज्या, मग कडधान्ये, शेवटी कच्चे पदार्थ. जिवाणूंना परतण्यासाठी हेच अन्न लागते, तेव्हा ते कायमचे वगळूही नये. दूध अर्ध्या पेल्याने सुरू करून पाहावे.

प्रोबायोटिक घ्यावे का, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. जुलाब टाळण्यासाठी सॅकॅरोमायसिस बूलार्डी आणि लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जीजी हा प्रकार यांना बऱ्यापैकी आधार आहे, तोही कोर्सच्या पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्यास. जुलाब लागून आठवडा झाल्यावर पाकीट आणण्याने फारसे साधत नाही. सॅकॅरोमायसिस हे किण्व, म्हणजे यीस्ट असल्याने प्रतिजैविकाने मरत नाही. लॅक्टोबॅसिलस मात्र जिवाणू आहे, म्हणून प्रतिजैविकाच्या मात्रेपासून किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. कोर्स संपल्यानंतर ‘वस्ती पुन्हा उभी करण्यासाठी’ ते महिनोन्‌महिने घेण्याचा सल्ला मी देणार नाही. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांना निरोगी स्वयंसेवकांत असे दिसले की प्रतिजैविकानंतर अनेक जातींचे मिश्र प्रोबायोटिक घेतलेल्यांची मूळ वस्ती काहीच न घेतलेल्यांपेक्षा उशिरा परतली.

सावधान : रोगप्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या, अतिदक्षता विभागातील किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाला प्रोबायोटिक देऊ नये. त्यातले जीव क्वचित रक्तात शिरतात.

तपासा : औषध संपल्याची तारीख कागदावर लिहिली का? तिच्यापुढे आठ आठवड्यांनंतरची तारीखही लिहावी. त्या तारखेच्या आत तीन वेळा पातळ शौच झाले तर टप्पा ३ पासून पुन्हा सुरुवात करावी, आणि कोणत्याही कारणासाठी कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास हा कागद दाखवावा. त्या मुदतीत नवे प्रतिजैविक लिहिले जात असेल तर तो आधी दाखवावा.